जुनं सिम सोडण्याआधी: नंबर आणि ईमेल कुठं, कसा आणि कोणत्या क्रमानं बदलायचा

आजच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. ज्यांनी लोकलमध्ये अर्धवट ऐकला, नेटवर्क गेलं, किंवा ज्यांना स्टेप्स समोर ठेवून काम उरकायचंय, त्यांच्यासाठी. बोलताना जे बोललो तेच इथं आहे, फक्त थोडं नीट लावलेलं.

विषय साधा वाटतो. दोन सिम आहेत, एक नको झालंय, रिचार्ज परवडत नाही, सोडून द्यायचंय. किंवा कॉलेज संपतंय आणि कॉलेजनं दिलेला ईमेल बंद होणार आहे. मग काय, नवीन नंबर टाकला की झालं! पण गंमत अशी आहे की जुना नंबर बदलायला बहुतेक ठिकाणी जुनाच नंबर लागतो. ओटीपी त्याच्यावर येतो. म्हणजे कुलूप बदलायचं असेल तर आधी जुन्या किल्लीनं दार उघडावं लागतं. किल्ली आधीच फेकली की मग चकरा सुरू.

सोडलेल्या नंबरचं पुढं काय होतं?

प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही, म्हणजे कॉल नाही, एसएमएस नाही, डेटा नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत. त्यानंतर तोच नंबर नव्या गिऱ्हाईकाला मिळू शकतो. नंबर दहा आकडी, माणसं कोट्यवधी, त्यामुळे नंबर फिरवून वापरावे लागतात. यात चोरीमारी काही नाही, पद्धतच तशी आहे.

याच मुद्द्यावर एक याचिका थेट सुप्रीम कोर्टात गेली होती. बंद झालेले नंबर दुसऱ्यांना देऊ नका, जुन्या माणसाची माहिती उघडी पडते, असं त्यात म्हणणं होतं. २०२३ च्या अखेरीस न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती एस. व्ही. एन. भट्टी यांनी त्यात लक्ष घालायला नकार दिला. ट्रायनं कोर्टाला ९० दिवसांचा नियम सांगितला. व्हॉट्सअ‍ॅपबद्दलही माहिती समोर आली: खातं ४५ दिवस वापरात नसेल आणि मग तो नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला, तर जुन्या खात्याचा डेटा काढला जातो. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की नंबर सोडताना आपली माहिती सांभाळायची जबाबदारी सोडणाऱ्याची. म्हणजे तुमची आणि माझी.

ही भीती उगाच आहे का? अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये तपासून पाहिलं. नव्या गिऱ्हाईकांना देण्यासाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर त्यांनी घेतले. त्यातले १७१ नंबर नावाजलेल्या वेबसाइटवरच्या कुणाच्या तरी चालू खात्यांना जोडलेले निघाले. म्हणजे तो नंबर विकत घेणारा माणूस "पासवर्ड विसरलो" दाबून आत शिरू शकला असता. त्यासाठी हॅकर असण्याची गरज नाही.

आपल्याकडं बँकांनी यावर एक उपाय केलाय. बंद झालेल्या नंबरांची एक सरकारी यादी असते. ती पाहून आपल्या नोंदी साफ करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं. यूपीआयसाठी एनपीसीआयनंही ३१ मार्च २०२५ ची मुदत देऊन आठवड्यातून किमान एकदा नोंदी ताज्या करायला लावल्या. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याची दुसरी बाजू लक्षात घ्या. तुम्ही नंबर सोडला आणि बँकेत बदलला नाही, तर एके दिवशी यूपीआय चालायचं बंद होईल. आणि ते उभं करायला ओटीपी हवा, जो आता तुमच्याकडं येत नाही.

थांबा, नंबर सोडायची खरंच गरज आहे का?

माजिवडा नाक्यावरच्या कुठल्याही मोबाइल दुकानात गावाकडून आलेली मुलं नवीन सिम घेताना दिसतील. कारण काय तर "इथला नंबर हवा". हा सल्ला आता जुना झालाय. साताऱ्याचा नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा असतो आणि ठाणं मुंबई सर्कलमध्ये येतं, हे खरं. पण जुलै २०१५ पासून एका सर्कलचा नंबर दुसऱ्या सर्कलमध्ये पोर्ट करता येतो. कंपनी बदलायची असेल तरी नंबर तोच राहतो. जुन्या सिमवरून १९०० या नंबरला हा मेसेज पाठवायचा:

```
PORT तुमचा१०आकडीनंबर
```

(आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे.) उत्तरात एक कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जायचं. अट एकच मोठी: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. हे जमत असेल तर पुढचा निम्मा लेख तुम्हाला लागणारच नाही.

पण कधीकधी नंबर सोडणंच बरोबर असतं. सिम काकांच्या नावावर आहे आणि त्यांना ते बंद करायचंय. कंपनीनं दिलेलं सिम नोकरी सोडताना परत करायचंय. किंवा दोन रिचार्ज डोईजड झालेत आणि सगळे तुम्हाला नव्या नंबरवरच फोन करतात. मग पुढं वाचा.

एक उदाहरण धरून चालू

एक मुलगी धरा. घर साताऱ्याला, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, माजिवड्यात तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहते. जुना नंबर अकरावीत असताना बाबांनी घेऊन दिलेला. नवा नंबर दोन वर्षांपूर्वी ठाण्यात घेतलेला. जुन्या सिमची वैधता ३० जूनला संपतेय, आणि कॉलेजचा ईमेल ३१ जुलैला बंद होणार अशी नोटीस आलीय. ती १ जूनला कामाला लागते.

पहिलं काम रिचार्जचं. हो, सोडायच्या नंबरवर अजून एक छोटा रिचार्ज! वैधता संपल्यावर काही दिवसांत इनकमिंगही थांबतं, आणि अर्ध्या वाटेत ओटीपी थांबला तर सगळंच अडकतं. सगळं बदलून वर एक महिना उरेल इतकी वैधता हातात हवी. तिनं जुलैअखेरपर्यंतची सोय केली.

दुसरं काम यादीचं. आठवून यादी करू नका, आठवत नाही. जुन्या सिमचा एसएमएस इनबॉक्स उघडा. कंपन्यांकडून येणाऱ्या मेसेजच्या नावाशेवटी हल्ली एक अक्षर असतं, मे २०२५ पासून. `-P` म्हणजे जाहिरात, ते सोडा. `-T` म्हणजे व्यवहार, `-S` म्हणजे सेवा, `-G` म्हणजे सरकारी. ही तीन अक्षरं ज्यांच्या मागे आहेत, तिथं बहुतेक तुमचं खातं आहे. त्याआधीच्या मेसेजना अक्षर नसेल, तिथं इनबॉक्समध्ये `OTP` असं शोधा. ईमेलसाठी कॉलेजच्या मेलमध्ये `verify`, `welcome`, `password` असे तीन शब्द शोधा. शिवाय फोनमधल्या गुगल पासवर्ड मॅनेजरमध्ये सेव्ह झालेल्या साइटची यादी असते, ती एकदा वरपासून खालपर्यंत बघा.

आपल्या मुलीची यादी सतरा खात्यांची झाली. अकरा नंबरवर, सहा कॉलेजच्या मेलवर. त्यात एक गोष्ट तिला अपेक्षित नव्हती: आईचं आधार आणि गावचा गॅस तिच्याच जुन्या नंबरवर होता. यावर पुढं येतोच.

पहिला नंबर ईमेलचा

बँकेकडं धावायच्या आधी स्वतःचा जीमेल पक्का करा. कारण बाकी बऱ्याच खात्यांचा पासवर्ड ईमेलवरून परत मिळतो, आणि ईमेलच हातातून गेला तर त्याच्यामागं कुणी उभं नाही.

गुगल खात्यात फोन नंबर एका जागी नसतो, ही इथली खोच आहे. `Security` मध्ये गेलात की `Recovery phone` वेगळा आणि `2-Step Verification` मधला नंबर वेगळा असतो. शिवाय `Personal info` मध्ये आणखी एक. लोक एक बदलतात आणि निश्चिंत होतात. मग सहा महिन्यांनी नवीन फोनमध्ये लॉगिन करताना गुगल विचारतं, अमुक आकड्यांवर संपणाऱ्या नंबरवर कोड पाठवू का? आणि ते आकडे जुन्या सिमचे असतात. तिन्ही जागा बघा. `Recovery email` मध्ये कॉलेजचा मेल असेल तर तोही आत्ताच काढा.

दुसरी खोच सात दिवसांची आहे. रिकव्हरी नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस गुगल जुन्या नंबरवरही कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. चोरानं नंबर बदलला तर मालकाला परत येता यावं, म्हणून ही सोय. पण याचा अर्थ असा की बदल केल्यावर निदान आठवडाभर तरी जुनं सिम तुमच्याच ताब्यात हवं.

शेवटी `Backup codes` काढून ठेवा. दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहा आणि मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, कारण फोन हरवला की तोही गेला.

आपल्या मुलीनं हे २ जूनला केलं. अर्धा तास.

मग आधार, मग बँक

आधार बँकेच्या आधी का? कारण अनेक जणांकडं डेबिट कार्ड हाताशी नसतं, आणि यूपीआय पिन आधार ओटीपीनं लावायचा असेल तर आधारला जोडलेला नंबर आणि बँकेतला नंबर एकच असावा लागतो. बँकेत नवा आणि आधारला जुना असा घोळ झाला की तो मार्ग बंद.

आधारमधला नंबर बदलायचा खात्रीचा रस्ता म्हणजे आधार केंद्र. तिथं बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची ओळख घेतात, त्यामुळे इथं जुन्या नंबरवरच्या ओटीपीची गरज पडत नाही. नुसता मोबाइल नंबर बदलायला कागदपत्रंही लागत नाहीत. फी १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकानं बदल झाला की नाही ते बघता येतं. केंद्र लांब असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही हे काम करतात, ही सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. गावाकडच्या आई-बाबांसाठी हे फार सोयीचं.

आता एक गैरसमज. "आधारला बदलला म्हणजे बँकेत आपोआप बदलेल." नाही. आधार, बँक, पॅन, पीएफ ही सगळी वेगवेगळी दप्तरं आहेत. एकात बदललं की दुसऱ्याला कळत नाही. आधारमुळे डिजिलॉकरसारखी आधार ओटीपीवर चालणारी कामं सुरळीत होतात, पण बँकेत स्वतः जावं लागतं.

बँकेत तीन मार्ग असतात: नेटबँकिंग, त्याच बँकेचं एटीएम, किंवा शाखेत अर्ज. कोणता चालेल ते बँकेवर अवलंबून. पहिल्या दोन मार्गांत बऱ्याचदा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नंबरांवर कोड येतो. दोन्ही सिम एकाच फोनमध्ये असताना हे दोन मिनिटांचं काम आहे. जुनं सिम गेलेलं असेल तर शाखा, पासबुक, ओळखपत्र आणि रांग. खातं साताऱ्याच्या शाखेतलं असेल तर आधी फोन करून विचारा की ठाण्याच्या शाखेत अर्ज घेतील का.

बँकेत नंबर बदलला की यूपीआय तुटणार, हे गृहीत धरा. यूपीआय अ‍ॅप सुरू करताना तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस जातो आणि बँक बघते की हा नंबर आपल्याकडं नोंदलेला आहे का. बँकेत नवा नंबर, अ‍ॅपमध्ये जुना, म्हणजे जुळत नाही. मग अ‍ॅपमध्ये जुन्या नंबरचं खातं बंद करा, नव्या नंबरनं पुन्हा नोंदणी करा आणि बँक जोडा. नव्या नोंदणीनंतर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांची मर्यादा असते. त्यामुळे घरभाडं द्यायच्या दिवशी हे काम काढू नका! आणि यूपीआयवर ऑटोपे लावलेली असेल, म्हणजे एसआयपी, ओटीटी, विम्याचा हप्ता, तर ती एकेक उघडून चालू आहे का ते तपासा. जुन्या यूपीआय आयडीला बांधलेली ऑटोपे नव्याकडं येईलच असं नाही.

आपल्या मुलीचं वेळापत्रक असं झालं: ४ जूनला आधार केंद्र, ९ जूनला बदल दिसला, १० जूनला बँक, १२ जूनला यूपीआय. भाडं ५ तारखेलाच देऊन झालं होतं.

व्हॉट्सअ‍ॅप: नवीन खातं नको, नंबर बदला

इथं बरेच जण नव्या नंबरवर नवं व्हॉट्सअ‍ॅप उघडतात आणि जुनं तसंच सोडतात. मग नंबर दुसऱ्याकडं गेल्यावर शाळेच्या ग्रुपमध्ये, सोसायटीच्या ग्रुपमध्ये एक अनोळखी माणूस तुमच्या जागी बसलेला असतो. ग्रुपमध्ये नंबर सभासद असतो, माणूस नाही.

योग्य वाट `Settings`, मग `Account`, मग `Change number`. आधी जुना नंबर, खाली नवा. कोड नव्या नंबरवर येतो. ग्रुप आणि सेटिंग नव्या नंबरकडं येतात, जुनं खातं पुसलं जातं. त्याच फोनवर असाल तर चॅटही राहतात. कुणाला कळवायचं तेही तिथंच निवडता येतं. नंतर `Two-step verification` मध्ये सहा आकडी पिन लावा आणि तिथला ईमेल कॉलेजचा नाही ना, ते बघा.

घरच्यांच्या खात्यांत दडलेला तुमचा नंबर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात फटका आपल्याला बसत नाही, आई-वडिलांना बसतो. घरात स्मार्टफोन पहिल्यांदा आला तेव्हा तो मुलांच्या हातात होता. त्यामुळे आईच्या आधारला, बाबांच्या बँकेला, आजीच्या पेन्शनला, गॅसला "आपला पोरीचा नंबर टाका" असंच झालं. एकच नंबर अनेकांच्या आधारला जोडता येतो, म्हणून कुणी अडवलंही नाही.

आता २०२५ च्या सप्टेंबरपासून लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी मागितला गेला. ज्यांचा नंबर कधीच बंद झालेला, त्यांना ओटीपी येणार कुठून? आधी आधार केंद्र, मग केवायसी. गॅस सिलिंडर घरी आला की पोहोचवणारा कोड मागतो, तो नोंदलेल्या मोबाइलवर येतो. वडिलांच्या गाडीचा फास्टॅग तुमच्या नंबरवर असेल तर तेही असंच.

आपल्या मुलीनं घरी फोन लावला. "आई, तुझ्या आधारला माझा जुना नंबर आहे गं. पोस्टमनकाका येतील तेव्हा तुझाच नंबर लावून घे." आईचं उत्तर अर्थात, "माझा कशाला, तुझा नवा टाक ना!" इथं ठाम राहा. घरातल्या प्रत्येकाच्या खात्याला ज्याचा त्याचा नंबर असलेला बरा. नाहीतर चार वर्षांनी हाच एपिसोड पुन्हा ऐकावा लागेल.

वीजबिलाचं काम मात्र सोपं आहे. महावितरणला नव्या नंबरवरून ९९३०३९९३०३ या क्रमांकावर एक मेसेज पाठवायचा, बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून:

```
MREG ग्राहकक्रमांक
```

कॉलेजचा मेल: इथं चाल वेगळी

सिम तुम्ही सोडता, कॉलेजचा मेल तुम्हाला सोडतो. तारीख त्यांच्या हातात असते. आणि एकदा बंद झाला की दुकानात जाऊन डुप्लिकेट मिळत नाही.

यात सगळ्यात फसवं बटण म्हणजे `Sign in with Google`. कॉलेजच्या आयडीनं ते दाबून तुम्ही ज्या ज्या साइटवर गेलात, तिथं बऱ्याचदा तुमचा वेगळा पासवर्डच नाही. मेल बंद म्हणजे ते दारही बंद. म्हणून मेल चालू असतानाच त्या साइटवर आत जा, वैयक्तिक जीमेल जोडा, पासवर्ड लावा, आणि मग बाहेर पडून नव्या पद्धतीनं आत येऊन बघा. लिंक्डइन आणि गिटहबवर आधी दुसरा ईमेल जोडायचा, त्याच्यावर आलेली लिंक दाबून तो पक्का करायचा, मग त्याला मुख्य करायचं आणि शेवटी कॉलेजचा काढायचा. हाच क्रम. आधी काढलात तर अडकलात.

मेल आणि ड्राइव्हमधल्या फाइल हव्या असतील आणि कॉलेजचा मेल गुगलवर असेल, तर `takeout.google.com/transfer` या पानावरून त्या वैयक्तिक खात्यात नेता येतात, कॉलेजनं ती सोय बंद ठेवली नसेल तर. याला वेळ लागतो, शेवटच्या दिवशी बसू नका. मेल फॉरवर्ड करून ठेवला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण खातं गेलं की फॉरवर्डही जातो.

आणि स्वतःचा जुना जीमेल असेल तर? तो बंद करायची घाई कशाला! जीमेलचा पत्ता बंद झाला तरी दुसऱ्याला देत नाहीत. फक्त दोन वर्षं अजिबात वापरला नाही तर गुगल खातं पुसू शकतं, म्हणून अधूनमधून लॉगिन करत राहा. सगळ्याच कंपन्या असं वागतात असं समजू नका. याहूनं २०१३ मध्ये वर्षभर पडून असलेले आयडी नव्या लोकांना दिले, आणि त्या लोकांच्या इनबॉक्समध्ये आधीच्या मालकांचे खासगी मेल येऊ लागले.

काम झालं हे कसं ओळखायचं?

सगळं बदललं असं वाटल्यावर लगेच सिम काढू नका, आणि बंद करून कपाटातही टाकू नका. ते चालू ठेवा आणि त्याच्यावर काय येतं ते महिनाभर बघा. आलेला प्रत्येक `-T`, `-S`, `-G` मेसेज म्हणजे यादीतून सुटलेलं एक खातं. महिना यासाठी की बिलं, हप्ते, स्टेटमेंट महिन्यातून एकदा येतात. वर्षातून एकदाच तोंड दाखवणारी मंडळी, म्हणजे विमा, आयकर, गाडीचं पीयूसी, ही मेसेजची वाट न बघता स्वतः आठवून तपासा.

आपल्या मुलीला १४ जून ते १४ जुलै या काळात दोन मेसेज आले. एक जुन्या पोस्ट खात्याचा, एक आरोग्य विम्याचा. यादीत दोन्ही नव्हते. ते बदलले, आणखी दहा दिवस शांतता, आणि मग तिनं कंपनीच्या दुकानात जाऊन सिम रीतसर बंद करायला सांगितलं. नंतर संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहिलं. हे तुम्हीही करा. तिथं अनोळखी किंवा नको असलेला नंबर दिसला तर तसं कळवता येतं. तिचं जुनं सिम बाबांच्या नावावर होतं, त्यामुळे तपासणी बाबांच्या लॉगिननं झाली.

तुमचे दोन प्रश्न

*"जुनं सिम आधीच हरवलंय, आता?"* नंबर अजून तुमच्या नावावर चालू असेल तर ओळखपत्र दाखवून त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम मिळतं. ते सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, सिम बदलून होणाऱ्या फसवणुकीला आळा म्हणून. त्यामुळे बँकेचा ओटीपी लगेच नाही आला तर घाबरू नका. सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टही होत नाही. नंबर बंदच झाला असेल तर मात्र शाखा आणि आधार केंद्र.

*"माझा नवीन नंबरच आधी दुसऱ्याचा होता, त्याचे मेसेज येतात."* नवीन सिम घेतल्यावर पहिले चार दिवस काहीही जोडू नका, नुसतं बघा. कुणाच्या तरी कर्जाचे, बँकेचे मेसेज येत असतील तर दुकानदाराकडं दुसरा नंबर मागा. तेव्हा बदलणं सोपं असतं, बारा खाती जोडल्यावर नसतं. आलेला ओटीपी कुणी फोन करून मागितला तर देऊ नका, "तो माझाच जुना नंबर होता" असं सांगितलं तरीही.

आणि या सगळ्या धावपळीत "तुमची केवायसी अपडेट करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. नंबर बदलायचा अर्ज तुम्ही करता, बँक तुम्हाला फोन करून ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

तर क्रम लक्षात ठेवा: रिचार्ज, यादी, ईमेल, आधार, बँक, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, घरचे, महिनाभर पहारा, आणि सगळ्यात शेवटी सिम. पुढच्या एपिसोडसाठी प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे पाठवा. भेटूच!